त्रेचाळीसनंतरचा हिशेब

आपल्याकडे चाळिशीतला माणूस जरा वेगळं बोलायला लागला की लोक दोनच निदान करतात. एक तर "याले पैशाचा माज आला", नाहीतर "याच्या डोक्यावर परिणाम झाला". वीस वर्षं मुकाट्यानं नोकरी केलेला माणूस एक दिवस म्हणतो, मला हे काम नको. चार पोरांची लग्नं लावून दिलेली बाई म्हणते, मला आता माझ्या नावावर काहीतरी पाहिजे. घरात भांडण होतं, नातेवाईक जमतात, समजूत घालतात. त्या माणसानं नेमकं काय मोजलं आणि कसं मोजलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी मेडशीत, अकोला-वाशिम रस्त्यावर, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवतो. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, वारस नोंद, पोरांचे प्रवेश, स्पर्धा परीक्षांचे अर्ज, सगळं. या धंद्यात माणसाचं तोंड नंतर दिसतं, जन्मतारीख आधी दिसते. माझी स्वतःची १९८० ची. गेल्या काही वर्षांत माझ्याच वयाच्या लोकांचे इतके कागद हाताखालून गेले की चाळिशीतलं हे घुसळणं मला आता कागदावरच दिसायला लागलं आहे. म्हणून हे लिहितोय. लांबलचक आहे, पण चाळिशीतल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सवडीनं वाचावं.

आधी थोडी पुस्तकी माहिती, कारण या विषयावर व्हॉट्सअॅपवर फार काही फिरतं. "मिडलाइफ क्रायसिस" हा शब्द रूढ केला एलियट जॅक्स नावाच्या मनोविश्लेषकानं, १९६५ च्या एका लेखात. त्यानं तीनशेच्या वर चित्रकार, संगीतकार, लेखक यांची आयुष्यं तपासली आणि म्हटलं की पस्तिशीनंतर यांच्या कामाची जात बदलते, कारण आपणही मरणार आहोत हे माणसाला पहिल्यांदा खरं वाटायला लागतं. पुढं सिनेमावाल्यांनी त्याचं लाल गाडी आणि तरुण मैत्रीण करून टाकलं, ती गोष्ट वेगळी.

मला जास्त पटतं ते शिकागो विद्यापीठातल्या बर्निस न्यूगार्टन या बाईंचं म्हणणं. त्या म्हणतात, मधल्या वयात माणसाची मोजायची पद्धतच उलटी होते. तोपर्यंत आपण जन्मापासून किती वर्षं झाली ते मोजतो. मग कधीतरी किती उरली ते मोजायला लागतो. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती सामाजिक घड्याळाची. लग्न कधी, पोरं कधी, नोकरी कधी, याचं एक घड्याळ प्रत्येक समाजात असतं आणि आपण त्याच्या पुढं आहोत की मागं, हे माणूस सतत ताडून पाहत असतो.

म्हणजे वयाचा आकडा एकटा काही करत नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकात मधल्या वयाच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्यावर असा काळ येऊन गेला असं सांगणारे साधारण चौथा हिस्सा निघाले. त्यातल्याही बऱ्याच जणांनी वयाकडे नाही, एखाद्या घटनेकडे बोट दाखवलं : बापाचं मरण, नोकरी जाणं, घर मोडणं. म्हणजे चाळिशी झाली की सगळ्यांचंच डोकं फिरतं, हे खरं नाही. पण मोजणी उलटी करायला लावणाऱ्या घटना याच दहा वर्षांत दाटीनं येतात, हे खरं आहे.

आता आपल्या भागात या घटना कोणत्या? माझ्या टेबलावर त्या तीन कागदांच्या रूपात येतात.

पहिला कागद म्हणजे सरकारी नोकरीचा अर्ज. महाराष्ट्रात २०१६ साली वयाची मर्यादा वाढली. खुल्या प्रवर्गाला ३३ ची ३८ झाली, मागासवर्गीयांना ३८ ची ४३. सवलतीचे इतर प्रकार आहेत, पण बहुतेकांसाठी हेच दोन आकडे. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. आमची बॅच त्याच सुमारास बारावी झाली. नवीन जिल्हा, नवीन कार्यालयं, आता जागा निघतील, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. डी.एड., बी.एड. केलं, पोलीस भरतीत धावलो, तलाठ्याचे पेपर दिले. काहींचं झालं, बहुतेकांचं नाही. पण अर्ज भरत राहिला की माणूस मनातून "तयारी करणारा" राहतो. शेतात राबतो, दुकानात बसतो, पण विचारलं तर म्हणतो, "चालू आहे अभ्यास."

मग एक दिवस जन्मतारीख टाकली की वेबसाइट पुढं जात नाही. मागच्या वर्षी एक जण माझ्यासमोर बसून म्हणाला, "बाप्पा, तारीख पाह्य ना जरा, एखादा महिना इकडं-तिकडं नाही का होत?" नाही होत. तो उठला नाही, अर्धा तास तसाच बसून राहिला. परीक्षेत नापास झालेल्या माणसाला पुढची परीक्षा असते. इथं कुणी नापास केलं नव्हतं, खिडकीच बंद झाली होती. वीस वर्षं ज्या उत्तरावर घरच्यांना आणि स्वतःला थोपवून धरलं, ते उत्तर त्या दिवशी संपलं. अशा माणसानं दुसऱ्या दिवसापासून आयुष्याचा विचार सुरू केला, तर त्याला वेड कसं म्हणायचं?

दुसरा कागद वारस नोंदीचा. आपण चाळिशीत येतो तेव्हा बाप सत्तरीत असतो. बाप गेला की मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ असं सगळं जोडून अर्ज द्यायचा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस रजिस्टरला नोंद घेतो, फेरफार पडतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. आता हा अर्ज ई-हक्कवर घरबसल्या होतो. एवढं झालं की सातबाऱ्यावर बापाचं नाव जाऊन तुमचं येतं.

इथं दोन गोष्टी एकदम होतात. बाप असेपर्यंत तुमच्या आणि मरणाच्या मध्ये एक पिढी उभी असते. ती बाजूला होते. आणि आजवर "आपलं पाच एकर" म्हणत होतो, ते खरंच किती, हे पहिल्यांदा गुंठ्यात दिसतं. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, हेही बऱ्याच जणांना तेव्हा कळतं. नावं सगळ्यांची लागतात, आईचं आणि बहिणीचंही. मग बहिणीला हक्कसोड करायला सांगतात. ते नुसत्या स्टॅम्पवर चालत नाही, नोंदणी करावी लागते. म्हणजे तिला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेऊन बसवावं लागतं. रक्षाबंधनाला येणारी बहीण आणि त्या ऑफिसात अंगठा द्यायला आलेली बहीण, यातलं अंतर मी फार वेळा पाहिलं आहे. चाळिशीत नाती नव्यानं तपासली जातात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्याकडे ती फेरफाराच्या नोटिशीच्या पंधरा दिवसांत तपासली जातात.

तिसरा कागद पोरांच्या प्रवेशाचा. पोरगं दहावी झालं की अकोल्याला किंवा लातूरला क्लासला जातं, पोरगी होस्टेलवर. घरात राहतात दोघं. वीस वर्षं त्या दोघांचं बोलणं पोरांची फी, सासूचं औषध आणि सोयाबीनचा भाव यावर चाललं. आता संध्याकाळी ताट समोर असतं आणि बोलायला काही नसतं. भांडण नसतं, पण बोलणंही नसतं. काही घरांत याच वेळी बाई पहिल्यांदा तोंड उघडते.

बाईचं घड्याळ आपल्याकडे वेगळं चालतं, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी लग्न झालेली बाई बेचाळिशीत सासू होऊ शकते. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास थांबते आणि त्याच्या काही वर्षं आधीपासून झोप मोडणं, अंगातून गरम वाफा निघणं, चिडचिड सुरू होते. नवऱ्याची उमेद ज्या वर्षी बंद खिडकीवर आदळते, नेमकी त्याच वर्षी तिची रात्रीची झोप गेलेली असते. दोघांनाही वाटतं की समोरचा बदलला. दोघांचंही खरं असतं.

आता एक हिशेब मांडून दाखवतो. मित्राचा आहे, त्याच्या परवानगीनं, नाव-गाव गाळून.

हा मित्र २००४ साली एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागला. शाळा कोणती ते विचारू नका. त्या काळात "कायम विनाअनुदानित" नावाचा प्रकार होता. त्यातला "कायम" शब्द २००९ ला निघाला, पात्र शाळांना २० टक्के अनुदानाचा निर्णय यायला २०१६ उजाडलं. म्हणजे पहिली बारा वर्षं सरकारी पगार शून्य. शिकवण्या, शेतमजुरी, बायकोचं शिवणयंत्र, यावर घर चाललं. पुढं २० चे ४० झाले, ४० चे ६०. आज तो पंचेचाळीस वर्षांचा आहे. हातात ३८ हजार पडतात. अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे उरली तेरा वर्षं.

दोन वर्षांपूर्वी बाप गेला आणि दिवाळीनंतर हा माझ्याकडे आला. म्हणे, "गड्या, राजीनामा लिहून दे. मले आता हे नाही होत. वावर करतो."

मी राजीनामा लिहिला नाही. एक कोरा कागद घेतला आणि म्हटलं, आधी वावर मोजू.

पाच एकर, म्हणजे २०० गुंठे. वारस चार : आई, हा, भाऊ, बहीण. प्रत्येकी ५० गुंठे, म्हणजे सव्वा एकर. आई याच्याकडे राहते, तिचा हिस्सा धरला तर अडीच एकर. बहिणीच्या हिश्श्याचा विचार मनात आणू नको म्हटलं, ते तिचं आहे. कोरडवाहू जमीन. त्याच्याच वहीतले मागच्या हंगामाचे आकडे : एकरी सात क्विंटल सोयाबीन, भाव ४,२०० मिळाला. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता, पण ओलावा जास्त म्हणून आणि खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत दम नव्हता म्हणून व्यापाऱ्याला दिलं. एकरी आले २९,४००. बियाणं, खत, फवारणी, निंदण, काढणी, मळणी मिळून खर्च १९,०००. उरले १०,४००. अडीच एकराचे वर्षाला २६ हजार, महिन्याला बावीसशेच्या आत. घरखर्च महिन्याला ३१ हजार, त्यात पोराच्या क्लासचा आणि खोलीचा मोठा वाटा.

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मरेपर्यंत हेच."

इथंच लोक अडकतात. चाळिशीतला हिशेब बहुतेक जण दोनच पर्यायांत करतात : सगळं सोडायचं किंवा सगळं तसंच ठेवायचं. म्हणून मी त्याला दुसरा प्रश्न विचारला. शाळेतलं नेमकं काय नको झालं? वर्ग नको झाला का?

"नाही गा. वर्गात बरं वाटते."

मग काय नको? हळूहळू निघालं. बारा वर्षं बिनपगारी राहून कमिटीवाल्यांच्या दारात उभं राहायची लाज. अनुदानाच्या फायली घेऊन मुंबईच्या आझाद मैदानावर जाणं आणि परत येणं. आणि बाप गेल्यावर अचानक जाणवलेली एक गोष्ट : आपलं स्वतःचं म्हणून आपण काहीच उभं केलं नाही. म्हणजे त्याला गणित नको झालं नव्हतं, वावरही हवं झालं नव्हतं. कुणाच्या मंजुरीवर अवलंबून नसलेलं एक काहीतरी हवं होतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. चाळिशीत माणूस "नोकरी नको" म्हणतो तेव्हा नोकरीतल्या कोणत्या तुकड्याबद्दल बोलतोय ते सुटं करावं लागतं. काम नको, की साहेब नको, की पगार पुरत नाही, की नुसता थकवा आहे? प्रत्येकाचं औषध वेगळं. थकलेल्या माणसाला राजीनामा दिला तर पंधरा दिवस बरं वाटतं, सोळाव्या दिवशी किराण्याचं बिल येतं. आणि साहेब नको असलेला माणूस धंद्यात पडला की गिऱ्हाईक त्याचा साहेब होतं.

इथं मला डॉ. श्रीराम लागूंची आठवण होते. कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. पुढच्या वर्षी, १९७० च्या डिसेंबरात, "नटसम्राट" रंगमंचावर आलं तेव्हा ते नुकते ४३ पूर्ण झाले होते. आमच्या अर्जाची खिडकी बंद होते ते वय. हे उदाहरण लोक "बघा, उडी मारली" म्हणून सांगतात. पण नीट पाहिलं तर ती उडी नव्हतीच. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतानापासून ते नाटकात होते. भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं हौशी नाटकं केली, मुंबईच्या रंगायनशीही संबंध होता. डॉक्टरकी चालू असताना दीड-दोन दशकं दुसऱ्या पायावर थोडं थोडं वजन टाकत गेले आणि तो पाय धरतो आहे हे कळल्यावर पहिला उचलला. शिवाय हातात पदवी होती. ती काही कोणी काढून घेणार नव्हतं.

मित्राला मी एवढंच म्हटलं, तुझा दुसरा पाय कुठं आहे ते सांग. रिकाम्या हवेत वजन टाकू नको.

त्याला उत्तर सुचेना. उत्तर दिलं त्याच्या बायकोनं. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, दारात थांबून ऐकत होत्या. म्हणाल्या, "एकवीस वर्सं तुमच्या अनुदानाची वाट पाह्यली मी. आता तुम्ही वावर म्हणता. मले कोणी इचारलं का, मले काय कराचं हाय ते?"

खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मीच म्हटलं, सांगा वहिनी.

वहिनींचं माहेर भाजीपाल्याचं. मिरची-वांग्याची रोपं बांधावर तयार करून विकायची सवय त्यांना लहानपणापासून. आपल्या भागात शेतकरी मिरचीची रोपं आणायला लांब जातात, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. आजवर बोलल्या नव्हत्या, कारण घरात वजन अनुदानाच्या फायलीला होतं.

पुढं जे केलं ते असं. विहिरीजवळचे पाच गुंठे, त्यावर छोटी शेडनेट, रोपांचे ट्रे, कोकोपीट. काम वहिनींच्या नावानं आणि वहिनींच्या हातात, कारण मास्तरकीत दुसरा धंदा स्वतःच्या नावानं करता येत नाही आणि मुळात कल्पना त्यांची होती. अटी आधी कागदावर लिहिल्या. साठ हजारांच्या वर एक रुपया घालायचा नाही. दागिना मोडायचा नाही, सावकाराकडे जायचं नाही. दोन हंगाम बघायचं. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी घातलेले पैसे निघाले नाहीत तर बंद करायचं आणि त्यावर भांडायचं नाही. शेवटची अट वहिनींनी लिहायला लावली.

पहिल्या हंगामात निम्मी रोपं बुडख्याशी काळी पडून कोलमडली. पाणी जास्त झालं, ट्रे दाटीनं ठेवले, हवा खेळली नाही. बाकीच्या रोपांत खर्चाचे जेमतेम अर्धे पैसे निघाले. दुसऱ्या हंगामात पाणी सकाळीच आणि मोजून, ट्रे जमिनीपासून उंच, बियाण्याला बुरशीनाशक. रोपं टिकली. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी साठ हजार परत आले आणि वर नऊ हजार उरले. दोन हंगामांच्या मेहनतीचे नऊ हजार, म्हणजे मजुरी धरली तर तोटाच. यशोगाथा लिहायला हे पुरत नाही. पण आगाऊ नोंदणीची वही वहिनींकडे आहे आणि पुढच्या जूनसाठी त्यात गावाबाहेरची नावं आहेत.

मास्तर शाळेतच आहे. फायली घेऊन फिरायचं काम त्यानं सोडून दिलं, तरुण सहकाऱ्यांना दिलं. त्या वेळात संध्याकाळी नेटमध्ये पाइप जोडतो आणि खतांचं प्रमाण बायकोला काढून देतो. गणिताचा मास्तर, उपयोग होतो. संध्याकाळी ताटावर आता ते दोघं रोपांबद्दल बोलतात. तो म्हणतो तेरा वर्षं अजूनही तेरा वर्षंच आहेत, पण त्यांच्याकडे बघायला आता भीती वाटत नाही.

आता एक गोष्ट जपून सांगायची आहे. चाळिशीतली प्रत्येक बेचैनी हा हिशेब नसतो, कधी तो आजार असतो. फरक कसा ओळखायचा? हिशेब करणारा माणूस चिडतो, भांडतो, पण त्याला काहीतरी हवं असतं. आजारी माणसाला काहीच नको असतं. आवडीचं गाणं, क्रिकेट, नातवंडं, काहीच नको. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही, जेवण तुटलं, आपण घराला ओझं आहोत असं बोलणं सुरू झालं, तर त्याला समजावत बसू नका. पुरुषांत हे बरेचदा रडण्यातून नाही, रागातून आणि दारूतून दिसतं. आधी थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, कारण तिथं बिघाड असला तरी माणूस असाच गळून जातो. आणि डॉक्टरला दाखवा. सरकारचा टेलिमानस नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचं बोलणं कानावर आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध घरातून हलवा. विदर्भात ही शेवटची ओळ का लिहावी लागते ते आपल्याला माहीत आहे.

आणि थोडं सार्वजनिक. चाळिशीतला हा प्रश्न घराघरातला असला तरी त्याच्या तारखा सरकारनं ठरवलेल्या आहेत. बारा वर्षं बिनपगारी राबवून घेतलेल्या माणसाच्या उरलेल्या वर्षांचा हिशेब त्याच्या एकट्याचा कसा? भरती वर्षानुवर्षं रखडते, त्यात उमेदवाराचं वय जातं, रखडवणाऱ्याचं काहीच जात नाही. मर्यादा असावी की नसावी यावर वाद होऊ शकतो. पण मर्यादा घालायची आणि जाहिरात वेळेवर काढायची नाही, हे दोन्ही एकत्र चालू नये. जाहिरातींचं वेळापत्रक दरवर्षी आधी जाहीर व्हावं आणि ते पाळलं जावं, ही मागणी तरुणांची म्हणून मांडली जाते. खरं तर ती चाळिशीतल्यांचीही आहे.

खिडकी बंद झालेल्यांनी हेही बघून ठेवावं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात वयाची अट ४५ होती, राखीव गटांना आणि महिलांना ५०. प्रधानमंत्री रोजगार निर्मितीला वरची अटच नाही, ग्रामीण भागात महिलांना आणि राखीव गटांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे. पण नुसती पिकं घेणं त्यात बसत नाही आणि अनुदान हातात रोख मिळत नाही, बँकेचं कर्ज आधी घ्यावं लागतं. म्हणून आधी साठ हजारांचे दोन हंगाम, मग कर्ज. उलटं करू नका. मुक्त विद्यापीठातही वयाची वरची मर्यादा नाही, अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करता येते.

शेवटचं घरच्यांसाठी. तुमच्या घरात चाळिशीतलं कोणी असं काही बोलायला लागलं तर त्याला कोरा कागद द्या. किती वर्षं उरली, महिन्याला किती लागतात, नेमकं काय नको झालं आणि दुसरा पाय कुठं ठेवायचा, एवढ्या चार ओळी लिहू द्या. आणि तोच कागद घरातल्या दुसऱ्या माणसालाही द्या. आमच्या मास्तरच्या घरी उत्तर तिकडून आलं होतं.